सिंधमध्ये कत्तल झाली नाही, मग पणजोबा का आले?

प्रश्न: मी उल्हासनगरजवळच्या एका शाळेत नववीला इतिहास शिकवते. फाळणीचा विषय निघाला की मुलं तेच तीन प्रश्न विचारतात. किती माणसं मेली? निर्वासित किती झाले? आणि सिंधमध्ये पंजाबसारखी कत्तल झाली नव्हती म्हणतात, मग आमचे पणजोबा घर सोडून का आले? वर्गात सिंधी मुलं आहेत, मुसलमान मुलंही आहेत. कोणाला दुखवायचं नाही, पण खोटंही सांगायचं नाही. कसं उत्तर द्यावं?

उत्तर:

बाई, तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करा. तो नीट सुटला की पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं कशी द्यायची तेही कळतं. मी कॉलेजात इतिहास शिकवला आणि नोकरीच्या शेवटच्या पंधरा-वीस वर्षांत कल्याण कॅम्प, चेंबूर आणि पिंपरी इथल्या सिंधी आजी-आजोबांच्या मुलाखती घेत फिरलो. माझ्या स्वतःच्या डोक्यातलं फाळणीचं चित्र पंजाबचं होतं: प्रेतांनी भरलेल्या गाड्या, पेटलेली गावं, मैलभर लांब काफिले. पहिल्याच मुलाखतीत एका आजीने सांगितलं, "आम्ही दाराला कुलूप लावून, किल्ली शेजारच्या मुसलमान बाईकडे देऊन निघालो." ते चित्र तिथेच मोडलं.

फाळणीत प्रांत म्हणून चिरले गेले ते पंजाब आणि बंगाल, आणि सार्वमतानंतर आसामातला सिल्हेट. रॅडक्लिफची रेषा सिंधमधून गेलीच नाही. 1947 च्या जूनमध्ये सिंधच्या विधानसभेने पाकिस्तानात जायचा निर्णय घेतला आणि अख्खा प्रांत तिकडे गेला. पंजाबी हिंदूला निदान पूर्व पंजाब नावाचा तुकडा उरला, बंगाल्याला पश्चिम बंगाल उरला. सिंधी हिंदूला 'आपला' म्हणावा असा तुकडाच नव्हता. मुलांना नकाशा दाखवताना हे नक्की दाखवा, कारण पुढची निम्मी गोष्ट त्यातून निघते. जाता जाता हेही सांगता येईल की 1936 पर्यंत सिंध मुंबई इलाख्याचाच भाग होता. कराचीतली जुनी एनजेव्ही शाळा ज्यांच्या नावाने आहे ते नारायण जगन्नाथ वैद्य मराठी होते. तिकडे शिक्षणखात्यात अधिकारी म्हणून गेले होते. पणजोबांच्या डोक्यात मुंबईचं नाव आलं ते आकाशातून पडलं नव्हतं. व्यापार आणि शिक्षण या दोन्हींसाठी मुंबई हे त्यांचं ओळखीचं गाव होतं.

1941 च्या जनगणनेप्रमाणे सिंधची लोकसंख्या 45 लाखांच्या थोडी वर. त्यात हिंदू साधारण 27 टक्के, म्हणजे बारा लाखांहून थोडे जास्त. पण ही सरासरी फसवी आहे. खेड्यात मुसलमान हारी, म्हणजे कूळ शेतकरी, जमीन कसत होता, आणि शहरात दुकान, पेढी, वकिली, कचेरीतली कारकुनी हिंदूंकडे होती. सिंधमधल्या हैदराबाद शहरात हिंदू बहुसंख्य, कराचीत जवळजवळ निम्मे. गावाकडचा मुसलमान शेतकरी अनेकदा हिंदू सावकाराचा कर्जदार असे आणि मुसलमान जमीनदाराचं कूळही. दोघांच्या ताणाला धर्माचा रंग होता, पण पोटातलं कारण नेहमी धर्म नव्हतं. हे सांगितलं की दोन्हीकडच्या मुलांना आपापले पणजोबा माणसं म्हणून दिसायला लागतात.

आता तारखांकडे या. माझा अनुभव असा की या विषयातले नव्वद टक्के वाद तारीख न लावल्याने होतात. ऑगस्ट-सप्टेंबर 1947 मध्ये पंजाब जळत होता तेव्हा सिंध तुलनेने शांत होता. काही कुटुंबं निघत होती, बायका-मुलांना पुढे पाठवत होती, पण बरेच जण थांबले होते. सिंधचे मुख्यमंत्री मोहम्मद अयुब खुहरो यांना हिंदूंनी जाऊ नये असंच वाटत होतं. त्यात सद्भावना किती आणि हिशेब किती हा वेगळा प्रश्न. हिंदू गेले तर बाजार आणि कचेऱ्या ठप्प होतील हे त्यांना दिसत होतं.

मग बदललं काय? कराचीत माणसं येऊ लागली. दिल्ली, संयुक्त प्रांत, राजपुताना, अजमेर इथून घरदार गमावलेले मुसलमान रेल्वेने आणि बोटीने सिंधमध्ये उतरत होते. यांतल्या कित्येकांनी दिल्लीच्या पुराना किल्ल्याच्या छावणीत हाल सोसले होते. त्यांना राहायला छप्पर हवं होतं, आणि कराची-हैदराबादमधली सर्वांत चांगली छपरं हिंदूंची होती. कोणी घरातली एक खोली मागू लागलं, कोणी मालक गावाला गेल्याचं पाहून कुलूप तोडून शिरलं. 17 डिसेंबर 1947 ला हैदराबादेत दंगल झाली. 6 जानेवारी 1948 ला कराचीत झाली. सिंधच्या अंतर्भागातून बोटीने भारतात जाण्यासाठी काही शीख कराचीत आणले होते, त्यांना एका गुरुद्वारात ठेवलं होतं. जमावाने त्या गुरुद्वारावर हल्ला केला, माणसं मारली गेली आणि नंतर शहरभर हिंदूंच्या घरांची लूट झाली. मृतांचे आकडे वेगवेगळे दिले जातात, पण पंजाबातल्या आकड्यांच्या शेजारी ठेवले तर ते लहान आहेत. परिणाम मात्र लहान नव्हता. त्या दिवसानंतर 'बघू, थांबू' म्हणणारी घरंही सामान बांधू लागली. 1948 च्या मध्यापर्यंत दहा लाखांच्या आसपास माणसं सिंध सोडून गेली होती.

म्हणून मुलाला सरळ सांगा: तुझे पणजोबा बहुधा तलवारीच्या पात्यापुढून पळाले नाहीत, उद्या ते पातं इकडेही येईल आणि पोलीस मध्ये पडणार नाहीत, अशी खात्री पटल्यावर निघाले. ही पळवाट नाही. खुद्द कायद्याने हे कारण मान्य केलं होतं. 1951 च्या जनगणनेत 'विस्थापित' कोणाला म्हणायचं याची व्याख्या अशी होती की दोन देश झाल्यामुळे, किंवा दंगलींमुळे, किंवा दंगलींच्या भीतीमुळे ज्याला घर सोडावं लागलं तो. 'भीतीमुळे' हा शब्द तिथे आहे. पश्चिम पाकिस्तानसाठी या व्याख्येतली तारीख होती 1 मार्च 1947, आणि पूर्व बंगालसाठी 15 ऑक्टोबर 1946, कारण नोआखालीच्या दंगली त्याच महिन्यात झाल्या होत्या.

इथे शब्दांचा घोळ सोडवून टाका. मराठीत आपण सर्रास 'निर्वासित' म्हणतो. ज्याला राहत्या जागेतून घालवलं तो, हा त्याचा अर्थ. हिंदीतला 'शरणार्थी' म्हणजे आसरा मागणारा. हा शब्द सिंधी आणि पंजाबी लोकांना टोचायचा, ते स्वतःला 'पुरुषार्थी' म्हणवून घेत. सरकारी कागदात आधी 'रिफ्युजी' होतं, मुंबई प्रांताने 1948 मध्ये केलेल्या नोंदणीच्या कायद्याचं नावही तेच. पुढे दिल्लीच्या कायद्यांनी 'डिसप्लेस्ड पर्सन' धरलं, त्याचं आपण 'विस्थापित' केलं. आज तुमच्या वर्गात विस्थापित म्हटलं की मुलांना कोयनेचे धरणग्रस्त आठवतील, ते स्वाभाविक आहे. आणि आंतरराष्ट्रीय कायद्यातला 'रिफ्युजी' म्हणजे आपल्या देशाबाहेर असलेला, छळाच्या रास्त भीतीने परत जाऊ न शकणारा माणूस. ती व्याख्या 1951 च्या कराराची आणि भारत-पाकिस्तान दोघांनीही त्या करारावर सही केलेली नाही. त्याहून मोठा फरक म्हणजे फाळणीतल्या या माणसांना इथे परके मानलंच नाही. राज्यघटनेच्या कलम 6 प्रमाणे 19 जुलै 1948 च्या आधी आलेला, अखंड भारतात जन्मलेला किंवा तसे आई-वडील वा आजी-आजोबा असलेला, आणि आल्यापासून इथेच राहिलेला माणूस थेट नागरिक झाला. त्यानंतर आलेल्याला नोंदणी करावी लागली. 19 जुलै हीच तारीख का, असं एखादं चौकस पोर विचारेलच. कारण त्या दिवसापासून पश्चिम पाकिस्तानातून येण्यासाठी परमिट लागू झालं.

हे परमिट मुसलमान मुलांच्या बाजूने पाहायला विसरू नका. 1947 च्या भीतीत तात्पुरतं तिकडे गेलेलं आणि सगळं निवळल्यावर परत यायला निघालेलं एखादं दिल्लीचं मुसलमान कुटुंब याच परमिटपाशी अडलं. कलम 7 प्रमाणे 1 मार्च 1947 नंतर पाकिस्तानात गेलेला माणूस नागरिक धरला जात नसे. पुनर्वसनाचं परमिट घेऊन परतला तरच अपवाद. शिवाय त्याचं इथलं घर तोवर 'इव्हॅक्वी प्रॉपर्टी', म्हणजे सोडून गेलेल्याची मालमत्ता ठरून कस्टोडियन या सरकारी अधिकाऱ्याकडे गेलेलं असे. तेच घर सिंधहून किंवा पंजाबहून आलेल्या कोणाला तरी मिळे. कराचीत नेमकं याच्या उलट चाललं होतं.

समतोल म्हणजे इथे काय करायचं, यावर माझं मत स्पष्ट आहे. दोन्ही बाजूंना पन्नास-पन्नास टक्के दोष वाटणं म्हणजे समतोल नव्हे. तो सोयीचा आळस आहे. 6 जानेवारीला कराचीत जे झालं ते जमावाने केलं आणि तिथल्या सरकारला ते थोपवता आलं नाही, हे असंच सांगायचं. त्या जमावात अजमेरहून किंवा दिल्लीहून लुटून आलेली माणसं होती, हेही सांगायचं, पण कारण म्हणून. माफी म्हणून नव्हे. आणि मग तीच मोजपट्टी दिल्लीला लावायची. सप्टेंबर 1947 मध्ये दिल्लीतल्या मुसलमानांवर हल्ले करणाऱ्यांत पंजाबातून उद्ध्वस्त होऊन आलेली माणसं होती. एका ठिकाणी 'बिचारे, त्यांनी सोसलं होतं' आणि दुसऱ्या ठिकाणी 'गुंड' असं तुमच्या तोंडून निघालं, तर मुलं ते लगेच पकडतात. मी स्वतः एकदा व्याख्यानात पकडला गेलो आहे.

आणखी एक गट नेहमी निसटतो: ज्यांना निघायचं होतं पण निघू दिलं नाही ते. कराचीतले सफाई कामगार बहुतेक दलित होते. त्यांचं काम अत्यावश्यक सेवा ठरवून त्यांना शहर सोडायला अटकाव झाला. डॉ. आंबेडकरांनी डिसेंबर 1947 मध्ये नेहरूंना पत्र लिहून पाकिस्तानात अडवून ठेवलेल्या अस्पृश्यांचा प्रश्न मांडला होता. वर्गात 'सगळे हिंदू आले' असं वाक्य आलं की हे सांगा. शिवाय थरपारकर, उमरकोट या भागांत राहिलेलेही बरेच आहेत. आजच्या पाकिस्तानातले बहुसंख्य हिंदू सिंधमध्येच राहतात.

पहिल्या दोन प्रश्नांचे आकडे आता थोडक्यात. 1951 च्या जनगणनेत भारतात विस्थापित म्हणून नोंदलेली माणसं सुमारे 73 लाख, पाकिस्तानात मुहाजिर म्हणून नोंदलेली सुमारे 72 लाख. हे आकडे भक्कम आहेत, पण ते मोजतात काय हे लक्षात ठेवा: 1951 मध्ये जिवंत होती आणि पोचली होती ती माणसं. वाटेत मेलेली त्यात नाहीत, आणि 1951 नंतर पूर्व बंगालमधून येत राहिलेली लाखो माणसंही नाहीत. बंगालची ये-जा एका वर्षात संपली नाही, ती दशकानुदशकं चालू होती. म्हणून 'दीड कोटी माणसं इकडची तिकडे झाली' म्हणायचं असेल तर '1951 पर्यंत' हे शब्द जोडायलाच हवेत.

मृतांचा आकडा मात्र मोजलेला नाही, अंदाजलेला आहे. त्या काळच्या ब्रिटिश अधिकाऱ्यांचे अंदाज दोन लाखांच्या आसपास घुटमळतात, नंतरच्या लेखनात पाच ते दहा लाख जास्त दिसतात, काही वीस लाखांपर्यंत जातात. दोन लाख आणि वीस लाख यांत दहापट फरक आहे, आणि तो सांगून टाकण्यात कमीपणा नाही. फळ्यावर एकच आकडा लिहू नका. हल्ली एक 34 लाखांचा आकडाही फिरतो, त्यापासून सावध राहा. जनगणनांची तुलना करून अभ्यासकांनी असा हिशेब मांडला की निघालेल्या माणसांपेक्षा पोचलेल्यांची संख्या इतकी कमी आहे. तो 'हिशेबात न सापडलेल्या' माणसांचा आकडा आहे. त्यात मेलेले असणार, पण तिसरीकडे गेलेले आणि मोजणीतून सुटलेलेही असणार. त्याला थेट मृतांचा आकडा म्हणणं ही चूक आहे.

आता एक घर उदाहरणादाखल. उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमधल्या एका कुटुंबाने मला सांगितलं, "आम्ही 15 ऑगस्टच्या दंगलीत बोटीने आलो, सगळं लुटलं गेलं होतं." पणतूने वर्गात लिहिलेल्या निबंधातही तेच होतं. मी घरातले कागद मागितले. पत्र्याच्या पेटीतून नोंदणीची चिठ्ठी निघाली, तिच्यावर येण्याचा महिना होता फेब्रुवारी 1948. दुसरा कागद क्लेमचा, म्हणजे तिकडे राहिलेल्या मालमत्तेवरच्या दाव्याचा होता. त्यात हैदराबादेतलं घर आणि सोडून आलेलं सामान वेगवेगळं लिहिलं होतं. म्हणजे 15 ऑगस्टला ते निघाले नव्हते, सहा महिने थांबले होते. मग पणजीला विचारलं, दंगल झाली तेव्हा थंडी होती की उकाडा? ती पटकन म्हणाली, "थंडी. मुलाला माझ्या शालीत गुंडाळलं होतं." सिंधमध्ये 15 ऑगस्टला शाल कोण घेईल! तिची दंगल डिसेंबरची होती. तिने खोटं काहीच सांगितलं नव्हतं. नंतरच्या सत्तर वर्षांत प्रत्येक भाषणात, प्रत्येक वर्तमानपत्रात '15 ऑगस्टची फाळणी' ऐकून तिची दंगल हळूहळू त्या तारखेला चिकटली होती. लुटीचंही तसंच झालं होतं. घर सोडताना ते शाबूत होतं. त्यात कोणीतरी राहायला आलं हे त्यांना नंतर मागे राहिलेल्या एका नातेवाइकाच्या पत्रातून कळलं.

त्या क्लेमच्या कागदातून आणखी एक गोष्ट कळते. ज्यांची तिकडे मालमत्ता होती त्यांनी दावा केला, तो पडताळला गेला, आणि 1954 च्या कायद्याने भरपाई मिळाली. लहान दाव्याला मोठा टक्का, मोठ्या दाव्याला लहान. ज्यांचं तिकडे भाड्याचं घर होतं, जे दुसऱ्याच्या पेढीवर नोकर होते, त्यांच्याकडे क्लेम करण्यासारखं काहीच नव्हतं. आणि पूर्व बंगालमधून आलेल्यांना ही भरपाई लागूच नव्हती. 1950 च्या नेहरू-लियाकत कराराने त्यांची तिकडची मालकी कायम धरली होती, म्हणजे कागदावर ते परत जाऊ शकत होते. 'सरकारने निर्वासितांना सगळं दिलं' किंवा 'काहीच दिलं नाही' यांतलं कुठलंही वाक्य आलं की 'कोणत्या निर्वासितांना?' हा प्रश्न विचारा.

तुमच्या शाळेच्या आसपासची जमीनही साक्षीदार आहे. कल्याणजवळच्या ज्या बराकींमध्ये या माणसांना ठेवलं त्या दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या होत्या. मुंबईत इतक्या माणसांना जागा नव्हती, म्हणून त्यांना शहराबाहेर इथे आणलं. कॅम्प एक ते पाच हे आकडे त्या छावणीचेच. 8 ऑगस्ट 1949 ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि उल्हास नदीवरून नाव पडलं उल्हासनगर. कोल्हापूरजवळचं गांधीनगर याहून विलक्षण आहे. त्या वळिवड्याच्या छावणीत आधी युद्धामुळे देशोधडीला लागलेले पोलंडचे हजारो लोक राहत होते. ते गेले आणि त्यांच्या जागी सिंधी आले.

मुलांना गृहपाठ द्यायचा असेल तर 'तुमच्या घरी कोणावर अत्याचार झाला?' असं विचारू नका. त्यावर मुलं पाठ केलेली गोष्टच लिहून आणतात, आणि मुसलमान मुलाने कुठे बघायचं ते त्याला कळत नाही. त्याऐवजी विचारा: कोणत्या गावाहून निघाले? कोणत्या महिन्यात, थंडीत की उन्हाळ्यात? कराचीहून बोटीने आले असतील तर मुंबईला उतरले की ओखा, वेरावळ, पोरबंदरला? की मीरपूरखासवरून रेल्वेने जोधपूरच्या बाजूला गेले? सोबत काय आणलं? किल्ली कोणाकडे दिली? ज्यांचं घर फाळणीत हललंच नाही त्यांनी एवढंच विचारून यावं की आमच्या गावात किंवा गल्लीत त्या वर्षी कोण राहायला आलं आणि कोण निघून गेलं. मुंबईतून कराचीला गेलेल्या एखाद्या मुसलमान शेजाऱ्याचं नाव त्यात निघालं तर तेही त्याच फळ्यावर, त्याच रकान्यात लिहा.